ताबा लांबला: पैसे परत घ्यायचे की घराची वाट पाहायची?

बिल्डरकडून आलेली पत्रे तुम्ही जपून ठेवता का? आमच्याकडे एक जाड फाइल आहे. पहिल्या पत्रात कोविड, दुसऱ्यात गावी गेलेले मजूर, तिसऱ्यात लोखंडाचे भाव, चौथ्यात पाऊस. प्रत्येक पत्राच्या शेवटी ताब्याची नवी तारीख आणि खाली 'आपल्या सहकार्याबद्दल आभार'. घर घेतलेल्या कुणाच्याही कपाटात अशी फाइल सापडेल, मग ते पुण्यात असोत, पनवेलला असोत की आमच्यासारखे कर्नाटकात.

आम्ही मूळचे सांगलीचे. यांची नोकरी बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणून आम्ही चंदापुऱ्यात भाड्याने राहायचो. हा सगळा भाग आनेकल तालुक्यात येतो. इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून होसूरच्या दिशेने निघालात की दोन्ही बाजूंना क्रेन आणि अर्ध्या इमारती दिसू लागतात. त्यातल्याच एका प्रकल्पात 2019 मध्ये आम्ही 60 लाखांचा फ्लॅट घेतला. त्याच प्रकल्पात आमच्या ओळखीच्या बेळगावच्या वहिनींनीही तेवढ्याच किमतीचा फ्लॅट घेतला. आमचा ए इमारतीत, त्यांचा बी इमारतीत. करारात ताबा 30 जून 2021 चा होता आणि त्यापुढे सहा महिन्यांची सवलत. पुढे आम्ही थांबायचे ठरवले, त्यांनी पैसे परत मागितले. बिल्डर एक, उशीर एक आणि कायदाही एकच, तरी आमचे दोघींचे रस्ते इतके वेगळे गेले की ते सविस्तर सांगण्यासारखे आहेत.

नोंदणीचे आधी बघू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे असते. रेरा कायद्याप्रमाणे जमीन 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा सगळ्या टप्प्यांत मिळून फ्लॅट आठांपेक्षा जास्त नसतील, तरच प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. बाकी प्रत्येक प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही, बुकिंग घेणे तर दूरच. कर्नाटकात rera.karnataka.gov.in वर जिल्हा आणि तालुका निवडून प्रकल्प शोधता येतो. आनेकलमधल्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक साधारण PRM/KA/RERA/1251/308/PR/ असा सुरू होतो. त्यातला 1251 बेंगळुरू शहर जिल्ह्याचा आणि 308 आनेकल तालुक्याचा. पुढे तारीख आणि अनुक्रमांक येतात. कधी कधी जाहिरातपत्रकावर ACK ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. तो फक्त अर्ज पोचल्याची पावती आहे, नोंदणी नव्हे. दोन्ही इतके सारखे दिसतात की घाईत नजर चुकते, आणि काही विक्रेते त्याच भरवशावर असतात. मधे PR ऐवजी AG असेल, तर तो दलालाचा नोंदणी क्रमांक.

दुसरी नोंदणी कराराची. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथे एक धक्का बसतो. आपल्याकडे फ्लॅटचा करार उपनिबंधकाकडे नोंदवायचा, हे 1963 च्या मोफा कायद्यापासून अंगवळणी पडले आहे. बेंगळुरूत जुनी रीत निराळी होती. जमिनीतल्या अविभक्त हिश्श्याचा एक करार, बांधकामाचा दुसरा, दोन्ही स्टॅम्प पेपरवर सह्या करून घरी न्यायचे आणि नोंदणी थेट शेवटी, विक्रीखताच्या वेळी. रेराच्या कलम 13 ने हे बदलले. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डर फ्लॅटच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आमच्या बाबतीत ती मर्यादा सहा लाखांची होती. विक्री विभागातला मुलगा म्हणाला, "मॅडम, इथे करार कुणीच रजिस्टर करत नाही." आमचे हे त्याला म्हणाले, "मग आम्हीही सहा लाखांच्या पुढे देत नाही." करार पुढच्या पंधरवड्यात नोंदवला गेला. त्यात ताब्याची तारीख स्पष्ट लिहिलेली होती आणि नंतर आमची अख्खी तक्रार त्या एका ओळीवर चालली.

निवड तुमची, बिल्डरची नाही

तारीख उलटली की काय करायचे, हे कलम 18 सांगते. तुमच्यापुढे दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मिळते. थांबायचे असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचे व्याज मिळते. कुठली वाट धरायची हे तुम्ही ठरवायचे असते. बिल्डर 'कॅन्सल केलेत तर 15 टक्के कापू' म्हणाला, तरी त्याच्या उशिरामुळे तुम्ही बाहेर पडत असाल तर ती कपात त्याला लावता येत नाही. फक्त एक करा, पत्रात दोन्ही गोष्टी एकदम मागू नका. 'लवकर ताबा द्या, नाहीतर पैसे द्या' असे धमकीवजा पत्र भांडणाला ठीक आहे, पण तक्रारीत त्याचा उपयोग नाही. 'मी प्रकल्पातून बाहेर पडत आहे, रक्कम व्याजासह परत करा' असे सरळ लिहून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवायचे.

व्याजाचा दर कर्नाटकच्या नियमांत ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर आणि त्यावर 2 टक्के. हिशेब सोपा जावा म्हणून मी इथे 10 टक्के सरळ व्याज धरते.

आम्ही आणि वहिनी, दोघांनीही 48 लाख भरले होते. 2019 च्या जूनअखेर स्वतःचे 12 लाख, 1 जुलै 2020 ला बँकेचे 24 लाख आणि 1 जुलै 2021 ला आणखी 12 लाख. स्लॅब पडतील तसे पैसे द्यायचे असल्याने सांगाडा उभा राहीपर्यंत 80 टक्के रक्कम गेलीसुद्धा.

थांबणाऱ्याचे व्याज ताब्याची तारीख उलटल्यावर सुरू होते. 48 लाखांवर वर्षाला चार लाख ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला 40,000 रुपये. आता याच्या शेजारी करारातले कलम ठेवा. त्यात उशिराची भरपाई दर चौरस फुटाला महिना पाच रुपये लिहिली होती. आमचा फ्लॅट 1200 चौरस फुटांचा, म्हणजे महिन्याला 6,000 रुपये. चंदापुऱ्यातले आमचे भाडेही त्याच्या दुपटीहून जास्त होते.

हे पाच रुपये अनेक करारांत दिसतात. आमच्यापासून फार लांब नसलेल्या बेगूरच्या डीएलएफ प्रकल्पातही तेच होते. तिथल्या 339 खरेदीदारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 ऑगस्ट 2020 ला निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की करारातला दर हीच भरपाईची कमाल मर्यादा मानता येणार नाही. पाच रुपयांच्या वर वर्षाला 6 टक्के सरळ व्याज देण्याचा आदेश झाला. त्याच निकालातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. विक्रीखत करून घेतले म्हणून उशिराच्या भरपाईचा हक्क संपत नाही. 'आधी दावा सोडल्याचे लिहून द्या, मग किल्ली' असे तुम्हाला कुणी सांगितले तर हा निकाल आठवा. ते प्रकरण ग्राहक आयोगातून वर गेले होते. तो मार्ग आजही खुला आहे, पण आम्ही रेराचा धरला.

बाहेर पडणाऱ्याचा हिशेब वेगळा. व्याज ताब्याच्या तारखेपासून नाही, तर प्रत्येक हप्ता भरल्याच्या दिवसापासून मोजतात. वहिनींच्या तक्रारीत 30 जून 2024 पर्यंतचा तक्ता दिला होता. पहिल्या 12 लाखांवर पाच वर्षांचे सहा लाख, 24 लाखांवर चार वर्षांचे नऊ लाख साठ हजार आणि शेवटच्या 12 लाखांवर तीन वर्षांचे तीन लाख साठ हजार. एकूण व्याज 19 लाख 20 हजार, मुद्दलासह 67 लाख 20 हजार. आमचे त्याच दिवसापर्यंतचे व्याज 1 जुलै 2022 पासून 24 महिन्यांचे, म्हणजे 9 लाख 60 हजार.

तुम्ही विचाराल, करारातली तारीख सवलतीसह डिसेंबर 2021 ला संपली होती, मग मोजणी जुलै 2022 पासून का? कोविडमुळे सगळ्या प्रकल्पांना सहा महिने वाढवून मिळाले होते आणि थांबणाऱ्यांच्या हिशेबातून प्राधिकरणाने ते वगळले. बाहेर पडणाऱ्याला हा अडथळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 नोव्हेंबर 2021 च्या न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात म्हटले आहे की ठरल्या वेळी ताबा मिळाला नाही तर परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, उशिराला कारण काहीही असो, फक्त ते खरेदीदारामुळे घडलेले नसावे.

आमच्या बिल्डरने मग दुसरा कागद काढला. रेरानेच प्रकल्पाची मुदत वाढवून दिली आहे, मग उशीर कसला? हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो. पण नोंदणीची मुदत हा बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातला मामला, ताब्याची तारीख बिल्डर आणि तुमच्यातली. नोंदणी करताना नवी तारीख दिली म्हणून करारातली तारीख पुसली जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 ला नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आमच्या सुनावणीतही तो कागद चालला नाही.

थांबायचे की निघायचे, हे कसे ओळखावे?

नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर 67 लाख 20 हजार मोठे दिसतात. पण तेवढ्या रकमेत 2024 मध्ये त्याच भागात तसाच फ्लॅट मिळत नव्हता. परत आलेले पैसेही आधी बँकेकडे जातात. वहिनींच्या फ्लॅटवर 36 लाखांचे कर्ज होते. ते वजा केले की हातात 31 लाख 20 हजार. बांधकाम सुरू असताना त्यांनी महिन्याला साधारण 24,000 रुपये नुसते व्याज भरले होते, वर घरभाडे. तो खर्च परताव्याच्या तक्रारीत मागता येत नाही. नुकसानभरपाईसाठी निर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आणि हो, तक्रार चालू आहे म्हणून कर्जाचा हप्ता थांबवू नका. बँकेचे तुमच्याशी वेगळे नाते आहे, तिला बिल्डरच्या उशिराशी देणेघेणे नसते.

तरीही वहिनींचा निर्णय मला बरोबर वाटतो. कारण इमारत. ए इमारतीचे प्लास्टर झाले होते, पाण्याचे पाइप बसत होते, लिफ्टची चौकट आली होती. बी इमारतीचा सांगाडा 2021 पासून जसाच्या तसा होता. आम्ही रविवारी साइटवर जाणे मुद्दाम टाळायचो, कारण रविवारी ग्राहकांना दाखवायला सगळे आवरलेले असते. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता जाऊन मजूर मोजा. सिमेंटच्या गोण्या ताज्या आहेत की थिजून दगड झाल्या आहेत ते बघा. वर उघड्या राहिलेल्या सळ्यांना गंज किती, ते बघा. विजेचा ट्रान्सफॉर्मर बसला असेल तर ती चांगली खूण, कारण त्यासाठी बिल्डरला बेस्कॉमकडे मोठी रक्कम भरावी लागते आणि बंद पाडायच्या इमारतीसाठी ती कुणी भरत नाही. मग घरी येऊन रेराच्या संकेतस्थळावरचा तिमाही अहवाल उघडा. बी इमारतीच्या अहवालात लागोपाठ तीन तिमाही एकच टक्केवारी होती. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतला 70 टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवून फक्त जमीन आणि बांधकामावर खर्च करायचा, असे कायदा म्हणतो. पैसे भरले गेलेत आणि काम हलत नाही, याचा अर्थ वहिनींनी बरोबर ओळखला.

तक्रार जानेवारी 2023 मध्ये ऑनलाइन केली. कर्नाटकात प्राधिकरणाकडे जायचा अर्ज 'एन' नमुन्यात आणि निर्णय अधिकाऱ्याकडचा 'ओ' नमुन्यात असतो. नोंदवलेला करार, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा, बिल्डरची पत्रे आणि हिशेबाचा तक्ता जोडला. सुनावण्या बहुतेक मोबाइलवरच झाल्या. कायद्यात तक्रार साठ दिवसांत निकाली काढावी असे लिहिले आहे. आम्हाला आदेश ऑक्टोबर 2024 मध्ये मिळाला.

मधेच, जून 2024 मध्ये, ए इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. इथे आपल्यावरही एक जबाबदारी येते. प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो आणि विक्रीखताच्या नोंदणीला हजर राहायचे असते. बिल्डरवर रागावून ताबा न घेता बसलात तर पुढचा उशीर तुमच्या नावावर लागतो. आम्ही ताबा घेतला, पण पोचपावतीवर 'व्याजाचा दावा राखून' असे लिहिले. शेवटचे 12 लाख द्यायचे होते. ते व्याजाशी जुळवून घ्या असे आम्ही लेखी कळवले. बिल्डर आधी मानेना. आदेश आल्यावर 9 लाख 60 हजार वजा झाले आणि आम्ही उरलेले दोन लाख चाळीस हजार भरले. नोव्हेंबरात विक्रीखत नोंदवले. तेव्हा कर्नाटकात नोंदणी शुल्क 1 टक्का होते, 31 ऑगस्ट 2025 पासून ते 2 टक्के झाले. म्हणजे 60 लाखांच्या फ्लॅटला उशिराची किंमत आणखी 60,000 रुपये, आणि ती कुठल्याच हिशेबाच्या तक्त्यात येत नाही.

आदेशानंतरचे काम

वहिनींचा आदेशही त्याच महिन्यात आला. 67 लाख 20 हजार आणि पैसे मिळेपर्यंतचे पुढचे व्याज, साठ दिवसांत द्यायचे. घरी पेढे आले. मी मात्र बिल्डर अपिलात जातो का, याची वाट बघत होते. अपील करायचे तर बिल्डरला खरेदीदाराची सगळी रक्कम व्याजासह आधी अपील न्यायाधिकरणात भरावी लागते. तो अपिलात गेला तर वेळ जातो, पण पैसे सुरक्षित जागी येऊन पडतात. आमचा बिल्डर अपिलातही गेला नाही आणि त्याने पैसेही दिले नाहीत. याचा अर्थ वाईट होता. त्याच्या हातात रोकड नव्हती.

साठ दिवसांनंतर वहिनींनी अंमलबजावणीचा अर्ज केला आणि मार्च 2025 मध्ये वसुलीचे प्रमाणपत्र निघाले. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथून आनेकलच्या तहसीलदारांकडे. रेराला स्वतःचे वसुली कर्मचारी नाहीत, म्हणून आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत एवढे अंतर पडते. तहसीलदारांच्या टेबलावर शेतसाऱ्यापासून निवडणुकीपर्यंत सगळे असते, त्यात तुमचा कागद. तो खाली दबू नये म्हणून वहिनी दर पंधरवड्याला आनेकलच्या तालुका कचेरीत जायच्या. बेळगावच्या असल्याने त्यांचे कन्नड चांगले, त्याचा उपयोग झाला. पण खरे काम केले ते त्यांच्या हातातल्या यादीने. बिल्डरच्या नावावर त्या तालुक्यात काय काय आहे, न विकलेले फ्लॅट किती, जागेचे सर्व्हे नंबर कुठले, हे त्यांनी रेराच्या संकेतस्थळावरून आणि बोजा प्रमाणपत्र काढून शोधले होते. कोणत्या फ्लॅटवर बँकेचा बोजा नाही, तेही यादीत होते. जप्त काय करायचे हे कळल्याशिवाय कचेरी जप्ती कशाची करणार?

या काळात एक भीती सतत होती. बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल होऊन ती स्वीकारली गेली की वसुली तिथेच थांबते. मग ठरलेल्या मुदतीत आपला दावा तिथल्या व्यावसायिकाकडे नोंदवावा लागतो आणि रांगेत उभे राहावे लागते. वहिनी दर सोमवारी कंपनीचे नाव शोधून बघत असत.

बोजा नसलेल्या तीन फ्लॅटच्या जप्तीची नोटीस लागल्यावर बिल्डर स्वतःहून भेटायला आला. आधी म्हणाला, 45 लाख एकरकमी घ्या आणि मिटवा. वहिनींनी नकार दिला. मग हप्ते ठरले, तेही लेखी आणि तहसीलदार कचेरीत एक प्रत देऊन, पूर्ण रक्कम मिळेपर्यंत प्रमाणपत्र मागे न घेण्याच्या अटीवर. पहिले 36 लाख थेट बँकेत गेले, कर्ज मिटले आणि गहाण ठेवलेला करार परत आला. दुसरा हप्ता दहा लाखांचा, तो दोन महिने उशिरा आला. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच आहे आणि वहिनी अजून पंधरवड्याला आनेकलला जातात. परवा जाताना माझ्याकडून आमच्या विक्रीखताची झेरॉक्स घेऊन गेल्या. त्यात बिल्डरने स्वतःच्या शिल्लक फ्लॅटची यादी दिली आहे, आणि त्यांच्या यादीत त्यातला एक नव्हता.